डांबरी रस्त्यावर आठवड्यातून तीनदा पळतो, पहिले रनिंग शूज कसे निवडू?

चोपडारोड_पहाटे (अमळनेर)
नमस्कार मंडळी. वय 38, वजन 78, बसून काम. दिवाळीनंतर पळायला लागलोय, आठवड्यातून तीनदा, चोपडा रोडला साधारण चार किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता, मध्ये दम लागला की चालतो. सध्या पायात ऑफिसला घालायचे ते स्पोर्ट्स टाइप बूट आहेत, यूके 8 नंबर. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडत चाललंय आणि नडगीच्या आतल्या बाजूला दुखतं, पळताना सुरुवातीला जास्त आणि मग कमी होतं.
आता खास पळायचे बूट घ्यायचेत, बजेट चार हजार. नेटवर वाचायला बसलो तर प्रोनेशन, आर्च, ड्रॉप, स्टॅबिलिटी असलं काय काय निघालं. ओला पाय फरशीवर ठेवून ठसा पाहिला तर जवळजवळ पूर्ण तळवा उमटला, म्हणजे फ्लॅट फूट का? त्यासाठी वेगळे बूट लागतात का? जळगावला जाऊन घेऊ का ऑनलाइन मागवू? जाणकारांनी सांगा.

लोको_भुसावळ
सरळ सांगतो, जितका जाड सोल तितकं चांगलं, डांबरावर गुडघ्याची वाट लागते. आणि एक नंबर मोठा घ्या. तुम्ही 8 घालता ना, मग डोळे झाकून 9. मी कायम असंच घेतो.

भो_पारोळा
भो, आपल्याकडे कुत्रं मांगे लागनं म्हणजे कोनता बी बूट चालस 😄

दौलतकाका
डांबर सोडा आणि शेताच्या बांधावर अनवाणी चाला. आम्ही शाळेला चार कोस अनवाणी जायचो. माझं गुडघ्याचं दुखणं तेव्हा नव्हतं, आता बूट घालून फिरतो तर आहे. चालण्यासाठी मऊ चप्पल कोणती चांगली ते पण कोणी सांगा.

चोपडारोड_पहाटे (अमळनेर)
काका, चालण्याचं नाही हो, पळण्याचं विचारलंय. आणि बांधावर सध्या ओल आहे, काळी माती पायाला अशी चिकटते की दोन किलोचा गोळा होतो.

मापाडी_पाचोरा
मी पुण्यात बुटांच्या दुकानात बरीच वर्षं होतो, रनिंगचं काउंटर माझ्याकडे होतं, आता गावाकडे आलोय पण पळणं चालू आहे. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे काळं पडणारं नख. आर्च-प्रोनेशन जरा बाजूला ठेवा. पळताना पाय बुटात पुढे सरकतो आणि शिवाय फुगतो, पुढे जागा नसेल तर नख दर पावलाला बुटाच्या टोकावर आपटतं. म्हणजे तुमचा आत्ताचा बूट लांबीला कमी पडतोय. नवीन कितीही भारी घेतला आणि पुन्हा यूके 8 च घेतला तर हेच होणार.
आज संध्याकाळी एक काम करा. सकाळी नको, दिवसभरात पाय थोडा सुजतो म्हणून संध्याकाळीच. कागद जमिनीवर भिंतीला चिकटवून ठेवा, पळताना घालता ते मोजे घाला, टाच भिंतीला टेकवून त्या पायावर पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी सगळ्यात लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण करायला सांगा. स्वतः वाकून खूण केली की पाय हलतो. लांब बोट अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं शेजारचं असतं. दोन्ही पायांची मापं घ्या, आणि चवड्याची रुंदी पण, अंगठ्याच्या हाडापासून करंगळीच्या हाडापर्यंत. इथे टाका, मग बोलू.

भरती_नंदुरबार
मी पोलीस भरतीची तयारी करतोय, 1600 मीटर. आमच्याकडे सगळे हलके पातळ बूट घालतात, जाड सोलमध्ये पाय जड होतो आणि टायमिंग जातं. दादा तुम्ही पण हलकेच घ्या, पाय आपोआप मजबूत होतात.

लोको_भुसावळ
भाऊ तो 38 वर्षांचा माणूस आहे, त्याला कुठे भरती व्हायचंय.

रेखा_फिजिओ_धुळे
भरतीवाले भाऊ, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर आहे, 1600 मीटर जोरात पळायला हलका बूट उपयोगी. पण पातळ आणि टाचेला सपाट बूट घातला की पोटरी आणि टाचेच्या मागच्या शिरेवर जास्त ताण येतो. ज्याची पोटरी वर्षानुवर्षं खुर्चीत बसून आखडलीय त्याला एकदम तसला बूट दिला की महिन्याभरात टाच धरून माझ्याकडे येतो. टाच पुढच्या भागापेक्षा आठ-दहा मिलीमीटर उंच असलेला साधा बूट नवख्याला सोयीचा. कोणाला गुडघा जास्त सतावत असेल तर त्याला थोडा कमी उंचीचा मानवतो कधी कधी, पण हळूहळू.
ओल्या ठशाबद्दल. पाय पूर्ण उमटला म्हणजे खास आधाराचा बूट घ्यायलाच हवा, असं आम्हालाही शिकवलं होतं. पण डेन्मार्कमध्ये 900 पेक्षा जास्त नवख्या पळणाऱ्यांना, पाय कसाही असो, एकाच प्रकारचा साधा न्यूट्रल बूट देऊन वर्षभर पाहिलं. 2014 ला ते छापून आलं. पाय आत झुकणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या असं त्यात दिसलं नाही. त्यामुळे लहानपणापासून तसाच पाय असेल आणि घोट्याच्या आत दुखत नसेल तर त्या ठशावर पैसे घालवू नका. घालून पळून बघितल्यावर जो पायाला बरा वाटतो तो.
नडगीचं मात्र नीट बघा. आतल्या कडेला हाताच्या चार बोटांएवढ्या पट्ट्यात दुखतं का एका बोटाखाली येईल एवढ्याच जागी? पट्ट्यात असेल तर बहुतेक वेळा अंतर पटकन वाढवल्याचं असतं, अंतर कमी करून बसतं. एकाच ठिकाणी दाबल्यावर कळ येते, रात्री झोपल्यावरही ठणकतं, असं असेल तर पळणं बंद करून हाडाच्या डॉक्टरला दाखवा, तिथे बूट बदलून उपयोग नाही.

चोपडारोड_पहाटे (अमळनेर)
ताई, पट्ट्यात दुखतं, रात्री नाही. जानेवारीत दोन किलोमीटरवरून एकदम चारवर गेलो होतो, तेव्हापासूनच.
मापाडी दादा, घरच्यांनी पेन्सिल धरली, मापं अशी: डावा 26.2 सेमी, उजवा 26.7 सेमी. लांब बोट अंगठाच. रुंदी उजव्याची 10.6. पाच मिलीमीटरचा फरक आहे दोन पायांत, हे नॉर्मल आहे का?

मापाडी_पाचोरा
एकदम नॉर्मल, बहुतेकांचा असतो. बूट मोठ्या पायाला घ्यायचा, लहान पायाचं नाडीने भागतं.
आता नंबरचं नीट ऐका कारण इथेच सगळे फसतात. बुटाच्या जिभेवर आत लेबल असतं त्यावर यूके, यूएस, ईयू आणि सेमी असे सगळे आकडे असतात. यूके बघू नका, सेमीचा बघा, काही कंपन्या तो जेपी म्हणून मिलीमीटरमध्ये लिहितात. उदाहरण देतो. नायकीच्या पुरुषांच्या मापात यूके 8 म्हणजे 27 सेमी, आदिदासच्या यूके 8 ला 26.5. म्हणजे एकाच "आठ नंबर"मध्ये अर्ध्या सेंटीमीटरचा फरक, आणि तुमच्या दोन पायांतही नेमका तेवढाच आहे. लोकोभाऊंचा "एक नंबर मोठा" म्हणूनच अर्धाच बरोबर आहे, कशापेक्षा मोठा ते कळल्याशिवाय.
लेबलवरचा आकडा म्हणजे तो बूट केवढ्या पायासाठी आहे ते, आतली जागा त्याहून थोडी जास्त असते पण प्रत्येक मॉडेलची वेगळी. पळायला सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर मोकळं हवं. तुमच्या 26.7 ला मी 27.5 पासून सुरुवात करीन, म्हणजे नायकीत यूके 8.5 आणि आदिदासमध्ये यूके 9. त्याच्या एक खालचा आणि एक वरचा पण मागून घ्या.
दुकानात अंगठा दाबून बघतात त्यावर जाऊ नका, बोट दाबलं की आपण नकळत पाय आखडतो. त्यापेक्षा बुटाच्या आतलं सुटं तळपट बाहेर काढा, बहुतेक बुटांचं निघतं, जमिनीवर ठेवा आणि मोजे घालून त्यावर वजन देऊन उभे राहा, टाच मागच्या कडेला बरोबर बसवून. मग वरून बघा: अंगठ्यापुढे बोटाच्या नखाएवढी जागा उरली पाहिजे, आणि करंगळी कडेच्या बाहेर लटकता कामा नये. दोन-तीन मिलीमीटर मांस बाहेर आलं तर चालतं, वरचं कापड ताणतं. करंगळी अर्धी बाहेर असेल तर तो बूट अरुंद, मग लांबी कितीही वाढवा, उपयोग नाही, उलट टाच मागे ढिली होते. तुमची 10.6 रुंदी बऱ्यापैकी आहे, म्हणून हे आधी बघा.

सौ_शिरपूर
मी मुद्दाम सांगते, रुंदीचं बायकांना फार भोगावं लागतं. अंगठ्याच्या बाजूला माझं हाड थोडं बाहेर आलेलं आहे आणि बायकांचे बूट मुळातच अरुंद साच्यावर असतात. दरवेळी एकेक नंबर वाढवत गेले तर पुढे बोट फिरत होतं आणि टाच निसटत होती. शेवटी पुरुषांच्या काउंटरवरून घेतले, रंग काळा-निळा आहे पण पाय मोकळा आहे. यूएस नंबर बघत असाल तर बायकांच्या नंबरातून दीड वजा केला की पुरुषांचा येतो. दुकानदार हसला होता, हसू दे. आमच्याकडे करवंद नाक्याकडून सकाळी आठ-दहा जणी फिरायला जातात, त्यातल्या तिघींनी आता तेच केलंय.

भो_पारोळा
ताई बरोबर बोलन्यात. मन्ही बायको बी मना बूट घालीसन फिराले जास, मी आते चप्पलवर 😄

लोको_भुसावळ
मापाडीभाऊ, मान्य, माझं माप मी कधी काढलंच नव्हतं. पण जाड सोलवर ठाम आहे. 78 किलोचा माणूस डांबरावर पातळ बुटाने पळणार का?

मापाडी_पाचोरा
पातळ नको म्हणतोच आहे. पण जाड म्हणजे मऊ असं नाही, आणि मऊ म्हणजे चांगलं असंही नाही. काही बूट दुकानात गादीसारखे वाटतात, उभं राहिलं की पाय आत रुततो आणि गिऱ्हाईक खूश. तेच घालून दहा मिनिटं पळलं की घोटा डगमगतो. मला स्वतःला मधला, जरा टणक फोम आवडतो.

रेखा_फिजिओ_धुळे
इथे माझं तुमच्याशी जमत नाही. नवख्याला थोडा मऊ फोम माझ्या अनुभवात जास्त मानवतो, टणक बुटाच्या तक्रारी माझ्याकडे जास्त येतात. घोटा डगमगतो तो तळ अरुंद असला की, रुंद तळाचा मऊ बूट डगमगत नाही. त्यामुळे बूट उलटा करून टाचेखालचा तळ किती रुंद आहे ते बघायचं.

मापाडी_पाचोरा
तळाच्या रुंदीचं पटलं. मऊ-टणक मात्र ज्याचं त्याने पळून ठरवावं, दुकानाबाहेर नाही तर निदान आत पन्नास पावलं तरी.

दौलतकाका
अनवाण्याबद्दल कोणीच बोललं नाही.

रेखा_फिजिओ_धुळे
काका, लहानपणापासून अनवाणी चाललेल्याचा पाय खरंच मजबूत असतो, तुमचं चुकत नाही. पण यांनी शाळेपासून बूट घातलेत आणि रस्ता खडीचा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे नऊ वाजताच डांबर चटके देतं, तिथे अनवाणी नको. तुमचा गुडघा सकाळी उठल्यावर जास्त दुखतो की चालून आल्यावर, ते मला वेगळं कळवा, चपलेचं मग बघू.

केळीबाग_रावेर
बुटाइतकंच रस्त्याचं पण बघा. आमच्याकडे केळीच्या ट्रकांमुळे सगळे एका कडेने पळतात, आणि डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच बाजूने पळलं की एक पाय कायम खालच्या बाजूला पडतो. माझा डावा कुल्हा असाच धरला होता, रहदारी नसताना मधल्या सपाट भागावर पळायला लागलो तेव्हा सुटला. गाड्या असताना मात्र समोरून येणारी दिसेल अशा उजव्याच बाजूने.

चोपडारोड_पहाटे (अमळनेर)
रविवारी जळगावला जाऊन आलो. संध्याकाळी पाचला गेलो, मोजे आणि मापाचा कागद बरोबर. पहिल्या दुकानात तळपट काढू दिलं नाही, "पैसे दिल्यावर काढा" म्हणाले, निघालो. दुसऱ्या दुकानातला पोरगा चांगला होता, स्वतःच काढून दिलं.
तीन जोड घातले. पहिला लेबलवर 27, तळपटावर उभा राहिलो तर अंगठा जवळजवळ टोकाला, उजव्याला चार-पाच मिलीमीटर उरले, सोडला. दुसरा 27.5, लांबी बरोबर, पण करंगळी सगळी बाहेर, सहज दिसत होतं, घातल्यावर पाच मिनिटांत बाजूला रग लागली. हा दिसायला सगळ्यात भारी होता, त्यात चकाकता कडक पत्रा का काय ते आत आहे म्हणत होता, तो बजेटच्या बाहेर पण होता. तिसरा 27.5 च, वेगळ्या कंपनीचा, जरा रुंद, करंगळी किंचित बाहेर, अंगठ्यापुढे एक सेमी पुरेपूर. तळ रुंद आहे, फोम मध्यम. दुकानाच्या पॅसेजमध्ये दोनदा पळालो, उजवी टाच जराशी वर निघते, डावी जास्त निघते. 3,400 ला मिळाला. घेतला, पण टाचेचं काय करू?

मापाडी_पाचोरा
झकास निवड. तो कडक पत्रा म्हणजे कार्बन प्लेट, शर्यतीत वेळ काढणाऱ्यांसाठी, तुम्हाला आत्ता त्याचा काही उपयोग नव्हता.
टाचेसाठी नाडी बघा. बुटाच्या वरच्या टोकाला शेवटच्या भोकाच्या मागे एक जास्तीचं भोक असतं, लोक ते रिकामं सोडतात. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घाला म्हणजे छोटा फासा तयार होईल, दोन्ही बाजूंना तसा करा, मग डावी नाडी उजव्या फाशातून आणि उजवी डाव्यातून ओढून मागच्या बाजूला खेचा आणि गाठ बांधा. टाच मागे जाऊन बसते, पुढे बोटांवर दाब येत नाही. डाव्या पायाचं माप कमी आहे त्यामुळे तिथे हे लागणारच होतं. तरीही निघत असेल तर त्या पायात जाड मोजा.

चोपडारोड_पहाटे (अमळनेर)
करून बघितलं, उजवी जागच्या जागी बसली, डावी थोडी अजून हलते. जाड मोजा घालून बघतो. फिजिओताई, अंतर परत अडीच किलोमीटरवर आणलंय.

रेखा_फिजिओ_धुळे
बरोबर केलं. दुखणं पूर्ण थांबून दोन आठवडे गेले की मग वाढवा. आणि हे बूट ऑफिसला घालू नका.

लोको_भुसावळ
किती दिवस टिकतात हे बूट? आमच्या घरी जोड फाटेपर्यंत चालतो.

मापाडी_पाचोरा
फाटायची वाट बघू नका. साधारण 500 ते 800 किलोमीटरला आतला फोम दबतो, वरून बूट नवा दिसतो तरी. तीनदा चार म्हणजे आठवड्याला बारा, वर्षाला सहाशेच्या आसपास, म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष धरा. फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या दिसायला लागल्या, किंवा बूट टेबलावर ठेवून मागून बघितला आणि तो एका बाजूला कलला, की वेळ झाली. आणि आपल्याकडचं खास सांगतो, मे महिन्यात बूट धुऊन पत्र्यावर वाळत घालू नका, बंद गाडीत पण ठेवू नका. त्या तापमानात सोलचा गोंद सुटतो. तळपट बाहेर काढायचं, आत वर्तमानपत्र कोंबायचं आणि सावलीत वाळवायचं.

भरती_नंदुरबार
मापाडी दादा, सगळं वाचून मी पण माप काढलं. उजवा 25.4, डावा 25.3, रुंदी 10.2. माझं बजेट 1500 च आहे. सरावाला रोज डांबरावरच पळतो. त्या बजेटमध्ये काही बघण्यासारखं असतं का?

मापाडी_पाचोरा
असतं, पण निवडून घ्यावं लागतं. तळपट आणि माप तेच, तुझ्यासाठी 26 सेमीपासून सुरुवात कर. स्वस्त बुटात तीन गोष्टी हाताने तपास. पुढून आणि मागून धरून वाकव, तो बोटं जिथे वाकतात तिथेच वाकला पाहिजे, मधोमध कागदासारखा दुमडला तर ठेवून दे. टाचेमागचा वाटीसारखा भाग अंगठ्याने दाब, सहज आत गेला तर टाच धरणार नाही. आणि सोल नुसता रबराचा ठोकळा नको, पांढऱ्या फोमचा थर वेगळा दिसला पाहिजे. सरावाला तो वापर आणि हलका जोड फक्त टायमिंग लावायच्या दिवशी. नंदुरबारच्या बाजारात काय मिळतं त्याचा तळपटावर उभा राहिलेला फोटो टाक, बघून सांगतो.